तीन शनिवारांचं टाचण

आमच्या शाळेत थ्रीडी प्रिंटर आला आणि आल्या आल्या कपाटात गेला. दोन वर्षं तो खोक्यासकट कुलपात होता. खराब झाला तर उत्तर कोण देईल, हा मुख्याध्यापकांचा प्रश्न, आणि या प्रश्नाला शाळेत कोणाकडेच उत्तर नसतं. तपासणीला साहेब आले की कपाट उघडायचं, खोकं दाखवायचं, पुन्हा कुलूप. खरं तर ते खोकं उघडायचं काम माझं होतं. विज्ञान आणि गणित मी शिकवते, सव्वीस वर्षं झाली. पण मी म्हटलं, मला नववी-दहावीचा सिलॅबस आहे, मला ही खेळणी नकोत. शेवटी दिवाळीनंतर ते उघडलं चित्रकलेच्या सरांनी.

सर माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. गावातच राहायचे, बौद्धवाड्याच्या पलीकडे स्वतः बांधलेल्या दोन खोल्यांत. मी लोणारहून एसटीनं येणारी, म्हणून बसची वेळ झाली की माझं अर्धं लक्ष रस्त्याकडे. सकाळी ते 'जयभीम मॅडम' म्हणायचे, मी 'नमस्कार सर' म्हणायची, आणि मधल्या सुट्टीत एकाच कपबशीच्या जोडीतला चहा प्यायचो. मैत्री म्हणावी असं काही नव्हतं. मी बोलायची, ते ऐकायचे. माझ्या तोंडाचा पट्टा सगळ्या तालुक्याला माहीत आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

त्या जानेवारीत त्यांनी ठरवलं की नववीच्या बावीस पोरांची कार्यशाळा घ्यायची. तीन शनिवार, सकाळची शाळा सुटली की दोन-दोन तास. प्रत्येकानं आपली किचेन स्वतः कॉम्प्युटरवर बनवायची, प्रिंटरवर छापायची आणि घरी न्यायची. त्याचं टाचण त्यांनी वहीच्या तीन पानांवर लिहिलं होतं, एका शनिवाराला एक पान. ते घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, मॅडम, जरा पाहून घ्या, आणि जमलं तर मला सोबत करा, एखादा दिवस जास्तीचा द्यावा लागेल. मी पान उघडलंसुद्धा नाही. म्हटलं, सर, माझ्या घरी सासू पडून आहे, मला शनिवारची बस चुकवता येत नाही, आणि किचेन बनवून दहावीत कोणाला मार्क मिळाले ते मला सांगा. ते हसले. 'बरं मॅडम' म्हणून वही काखेत घालून गेले.

पहिल्या शनिवारी मी बसची वाट पाहत होते म्हणून दारातून डोकावले. त्यांनी पोरांना घरून किल्ली आणायला सांगितलं होतं. किल्ली मोजायची, तिच्या मानानं किचेन केवढी हवी ते ठरवायचं. आता अर्ध्या पोरांच्या घराला कुलूपच नाही, नुसती कडी. एक पोरगं म्हणालं, सर, आमच्या घरी आजी राह्यते, कुलूप काऊन लावाव लागते? सगळे हसले. सरांनी त्याला प्रिंटरच्या कपाटाची किल्ली दिली. म्हणाले, घे, ही मोज, हिला तर दोन वर्षं कोणी हात लावला नव्हता. मलाही हसू आलं होतं, पण ते टोमण्यासारखं वाटलं म्हणून मी चेहरा सरळ केला आणि स्टँडवर गेले.

त्या दिवशी पोरांनी आलेख कागदावर आधी चित्र काढलं. मग कॉम्प्युटरवर पट्टी बनवली. पन्नास मिलिमीटर लांब, पंचवीस रुंद, तीन जाड. कोपऱ्यात पाच मिलिमीटरचं भोक, कडेपासून निदान तीन मिलिमीटर आत, नाहीतर रिंग ओढली की तेवढाच भाग तुटतो. पहिल्या शनिवारी एवढंच. अक्षरं पुढच्या वेळी. हे सगळं मला नंतर टाचणातून कळलं. त्यांची मुलगीही त्याच बावीसांत होती, नववी अ मध्ये. ती वर्गात बापाला 'सर' म्हणायची आणि शाळा सुटली की फाटकाबाहेर 'पप्पा'.

पुढच्या गुरुवारी सर गेले. सकाळी आंघोळ करून बाहेर आले, छातीत दुखतं म्हणाले, खाटेवर बसले. जीप येईपर्यंत बोलत होते, मेहकरच्या रस्त्याला लागेपर्यंत नव्हते. अठ्ठेचाळीस वर्षं. मी पहिल्या तासाला वर्गात होते, शिपाईमामा दारात आले आणि फळ्याकडे बघत उभे राहिले. काय झालं ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही, उलट मी त्यांच्यावर खेकसले, की शिकवू द्या ना हो, नोटीस असेल तर ठेवा टेबलावर. अशी मी.

चौथ्या दिवशी आम्ही शाळेतल्या चौघी त्यांच्या घरी गेलो. भिंतीवर तथागतांची तसबीर, बाबासाहेबांची तसबीर, आणि खाली सरांचा शाळेच्या स्नेहसंमेलनातला कापून मोठा केलेला फोटो. त्यांच्या बायकोला मी 'ताई' म्हणते. ताईंजवळ जाऊन बसले. मग मुलगी पाणी घेऊन आली. पाणी देऊन ती गेली नाही, माझ्यासमोर तशीच उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, पप्पाची कार्यशाळा बंद नका पडू देजा. सगळ्याच्या हातात किचेन जाईन म्हणून सांगतलं होतं त्याइनं. एकाच्याबी हातात नाई गेली तर खोटं पडीन ना ते."

माणूस गेल्यावर पोरी रडतात, ओरडतात, गप्प बसतात. ही पोरगी बापाचा शब्द खोटा पडू नये म्हणून माझ्याकडे कामाची मागणी करत होती. मी म्हटलं, घेते मी, नक्की घेते. बाहेर आल्यावर माझ्याच तोंडातून ते कसं निघालं याचं मला नवल वाटलं.

मुख्याध्यापकांना तर बरंच झालं. ते म्हणाले, टाचण आहे ना तयार, वाचून घेऊन टाका दोन शनिवार. फक्त तिसऱ्या शनिवारी संपवायचं म्हणजे संपवायचं. सोमवारपासून ती खोली बोर्डाच्या परीक्षेला लागेल, तिथे बाकं लावायची आहेत, प्रिंटर परत खोक्यात घालून कपाटात ठेवून द्या. परत कोण काढेल, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

ते टाचण मी एसटीत वाचलं, येताना आणि जाताना. सव्वीस वर्षं मी स्वतः टाचणं लिहिते आहे. माझ्या टाचणात उद्दिष्ट असतं, साधनं असतात, शिक्षक कृती आणि विद्यार्थी कृती असे दोन रकाने असतात, आणि शिक्षक कृतीचा रकाना मी चांगला भरगच्च लिहिते. तपासणीला दिसलं पाहिजे ना, बाई काय काय करते ते. सरांच्या पानावर रकाने नव्हतेच. नुसतं, पोरं हे करतील, मग हे करतील. मध्ये मध्ये पेन्सिलीनं चित्रं. मला वाटलं, चित्रकलेचा माणूस, टाचण लिहायचं ट्रेनिंग तरी कधी झालं असेल.

मधला एक शनिवार तसाच गेला; कार्यशाळेचा दुसरा शनिवार बरा गेला. सरांची मुलगी अजून शाळेत यायला लागली नव्हती, एकवीस पोरं होती. सहा लॅपटॉप चालू, एकावर तीन-चार जण, आणि इंटरनेट माझ्या मोबाइलचं. त्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी अक्षरं टाकली की त्यांचे चौकोन व्हायचे. सरांनी टाचणात त्यावर उपाय लिहून ठेवला होता. अक्षरं ठोकळ्यांनी बनवायची. शिरोरेघ म्हणजे एक लांब ठोकळा, काना म्हणजे एक उभा ठोकळा, 'क' आणि 'ळ' ला अर्ध्या कापलेल्या रिंगा. आणि खाली अधोरेखित करून लिहिलं होतं, की अक्षर पट्टीवर नुसतं ठेवू नये, अर्धा मिलिमीटर आत रुतवावं, नाहीतर ते हवेत राहतं आणि छापताना सुटतं. एका पोरीच्या नावावरचा अनुस्वार खरंच हवेत राहिला होता. बाजूनं फिरवून पाहिल्यावर दिसलं. तिनं तो खाली बसवला तेव्हा मलाच आनंद झाला, कधी नव्हे तो.

मग सगळ्यांचे तुकडे एकत्र जोडून फाइली काढल्या, हजेरी क्रमांकाचं नाव देऊन. त्या फाइली प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या की ते वस्तूचे पातळ थर करून दाखवतं आणि किती वेळ लागेल तेही सांगतं. एका किचेनला अठ्ठावीस मिनिटं. मी तो आकडा फळ्यावर लिहिला. खडूनं, माझ्या चांगल्या अक्षरात. अठ्ठावीस मिनिटं. आणि पोरांना घरी सोडलं.

गणिताची बाई मी. बावीस पोरं आणि एक मशीन. पण माझ्या डोक्यात ते झेरॉक्ससारखं काहीतरी होतं. मशीन चालताना मी कधी थांबून पाहिलंच नव्हतं ना, पुढे काय बोलायचं.

तिसऱ्या शनिवारी साडेअकराला पोरं आली ती नाचतच आली. सरांची मुलगीही त्या दिवशी पहिल्यांदा शाळेत आली होती. तिसऱ्या बाकावर, भिंतीच्या बाजूला बसली. मी तिच्याकडे पाहून मान हलवली. टाचणाचं तिसरं पान टेबलावर उघडं होतं. त्यावर लिहिलं होतं, पोरं पॉलिश पेपरनं कडा घासतील, रिंग बसवतील, मग प्रत्येक जण दोन मिनिटं बोलेल, काय चुकलं होतं आणि कसं दुरुस्त केलं. मी म्हटलं, चला, एकेक छापत जाऊ, ज्याचं निघेल तो घासत बसेल.

मशीनला तापायलाच पाच मिनिटं लागली. मग ते प्लास्टिकची बारीक तार वितळवून सोऱ्यातून शेव पाडावी तसं रेघ रेघ टाकू लागलं. पोरं भोवती गोल करून उभी. पहिल्या थराला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दहाव्या थराला निम्मे खिडकीत गेले. पहिली किचेन निघाली तेव्हा बारा वाजून गेले होते. दुसरी एकच्या जरा आधी, मधे चिकटलेली पट्टी पत्र्यानं खरवडून काढण्यात वेळ गेला. तेव्हा मागून एक पोरगं फळ्यावरचा आकडा बघत बोटं मोजून म्हणालं, "मॅडम, सगळ्याइचं व्हायले दहा तास लागतीन. सर काय दहा तास थांबनार होते का?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या पोरावर नाही, स्वतःवरच गेली असणार, पण माझी तिडीक स्वतःवर थांबत नाही, ती समोरच्यावर जाते. आणि समोर टाचणाचं पान होतं. मी ते उचलून वर्गाला दाखवलं. म्हटलं, हे बघा, तुमच्या सरांनी टाचणातच घोळ करून ठेवला. घासणे लिहिलं, रिंग लिहिली, भाषण लिहिलं, आणि छापायला वेळच धरला नाही. छापल्याशिवाय घासणार काय, कप्पाळ? चित्रकलेच्या माणसाला एवढा गुणाकार नाही जमला.

बोलून झालं आणि मग मला तिसरा बाक आठवला.

मुलगी उठून उभी राहिली. रागानं नाही, उत्तर द्यायला उभं राहतात तशी. म्हणाली, "मॅडम, गुणाकार बराबर होता. पप्पा मधातल्या रविवारी येऊन छापनार होते. मी बी येनार होती संग. डब्बा घेऊन."

मी विचारलं, मग टाचणात का नाही लिहिलं?

"टाचणात पोराइचं काम लिहाव लागते म्हने, आपलं नाई."

ती खाली बसली. 'एखादा दिवस जास्तीचा द्यावा लागेल', ते याच दिवसाचं होतं. मी तेव्हा पुढचं बोलू दिलं असतं तर त्यांनी रविवार सांगितला असता. दुसऱ्या आणि तिसऱ्या पानाच्या मध्ये दहा तास होते आणि ते त्यांनी कुठेच लिहिले नव्हते, कारण ते त्यांचे होते. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की फळा पुसायचं निमित्त करून मी पोरांकडे पाठ केली.

दीड वाजता पोरांना रिकाम्या हातानं घरी पाठवलं. निघालेल्या दोन किचेनही दिल्या नाहीत, दोघांना देऊन बाकीच्यांना काय सांगायचं. मुलगी सगळ्यांत शेवटी गेली. मला वाटलं थांबवावं, माफी मागावी. पण सव्वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला पोरांची माफी मागायची सवय नसते. ती दप्तर पाठीला लावून फाटकाबाहेर गेली. फाटकाबाहेर तिला आता कोणाला हाक मारायची नव्हती.

मी बस सोडली. ठरवलं, आजच छापून टाकायचं सगळं. आणि इथे माझ्या अकलेनं दुसरी उडी मारली. प्रिंटरचा पाट चांगला मोठा, त्यावर राहिलेल्या एकोणीसच्या एकोणीस किचेन एकदम मांडता येत होत्या. मी मांडल्या. वेळ तेवढाच दाखवत होता, जवळजवळ नऊ तास, पण मधेमधे खरवडत बसायला नको, रात्रीपर्यंत आपोआप होईल, मामा बंद करतील. मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटलं. मशीन एक थर इकडे, एक थर तिकडे, असं एकोणीस जागी थोडं थोडं टाकत गेलं. मी खुर्ची टाकून बसले, घरी फोन करून सासूबाईंना औषध द्यायला शेजारणीला सांगितलं.

साडेचारला लाइट गेली. शाळेच्या बॅटरीनं कधीच मान टाकलेली. सव्वापाचला लाइट आली तेव्हा मशीननं विचारलं, पुढून सुरू करू का? मी हो म्हटलं. पण मधल्या वेळात पाट थंड झाला होता, त्यावरच्या पट्ट्या सुटल्या होत्या, आणि गरम तोंड एका पट्टीला लागलं तशी ती दुसरीवर, दुसरी तिसरीवर घसरत गेली. मी प्लगच ओढला. पापडापेक्षा जरा जाड अशा एकोणीस निळ्या पट्ट्या, एकावरही अक्षर नाही. त्या मी पिशवीत भरल्या आणि शेवटच्या जीपमध्ये मांडीवर घेऊन लोणारला आले. रस्ताभर रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, कोणी गेलं का? मी म्हटलं, हो. सरांसाठी मी रडले ती तेव्हा, सोळा दिवसांनी.

रविवारी सकाळी आठला मी मामांकडून किल्ली घेऊन खोली उघडली. मशीन तापत होतं तेव्हा दारात चप्पल वाजली. मुलगी होती. हातात डबा. मी विचारलं, तुला कोणी सांगितलं मी येणार म्हणून? ती म्हणाली, कोणी नाई, रविवार आहे ना. म्हणजे मी आले नसते तरी ती येऊन बंद खोलीपुढे बसली असती.

तिनं स्क्रीनवर मी पुन्हा मांडलेल्या एकोणीस किचेन पाहिल्या. मी आदल्या दिवसापासून काही शिकले नव्हते, फक्त लवकर आले होते. ती हळूच म्हणाली, मॅडम, पप्पा चारच ठेवायचे. लाइट गेली तर चारच जातात. मी मुकाट्यानं पंधरा काढून टाकल्या.

मग आम्ही चार-चार छापत गेलो. एका खेपेला पावणेदोन-दोन तास. तिला सगळं येत होतं. पहिला थर बसेपर्यंत हलायचं नाही, कोपरा उचलला जातोय का ते बघायचं. पाट कोमट झाल्याशिवाय पट्टी काढायची नाही, मग ती आपसूक सुटते, खरवडावं लागत नाही. बापानं तिला हे कधी शिकवलं असं मी विचारलं. शिकवलं नाही, ती म्हणाली, सुट्टीच्या दिवशी ते इथं येऊन करत राहायचे, ती बाजूला अभ्यास करत बसायची. चित्रकलेच्या स्पर्धेचे कागद कापणं, स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवणं, सगळं रविवारीच. शाळेचे पडदे सोमवारी तयार दिसायचे आणि आम्ही सगळे समजायचो, झाले.

दुपारी तिनं डबा उघडला. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. दोघींनी खाल्लं. जेवता जेवता मी म्हटलं, "काल माझं चुकलं, पोरी. मी तसं बोलायला नको होतं."

"हाव," ती म्हणाली.

नाही मॅडम, असू द्या मॅडम, असं काही नाही. नुसतं हाव. मला ते योग्यच वाटलं.

दोन वाजता पुन्हा लाइट गेली आणि चार पट्ट्या वाया गेल्या. चारच. तासाभरानं आली तशा पुन्हा लावल्या. निघालेल्या किचेन ती घासत होती, मी रिंगा बसवत होते. रिंगांची पुडी सरांच्या टेबलाच्या खणात होती, मोजून बावीस. एकेक नाव हातात येत होतं. कोणी आजीचं नाव घातलं होतं, कोणी बैलाचं, एकानं स्वतःचंच पण उलटं, ते तसंच राहिलं. तिनं त्या हजेरीच्या क्रमानं बाकावर मांडल्या. सात वाजून गेले, शिपाईमामा दोनदा डोकावून गेले, आणि शेवटची खेप निघाली. एकवीस झाल्या. सकाळी प्रार्थनेच्या वेळी वाटता येणार होत्या. सरांचा शब्द खरा होणार होता, दोन दिवस उशिरा का होईना.

मी म्हटलं, आता तुझी. ती म्हणाली, नाही तरी चालेल, मामा थांबलेत. मी म्हटलं, मामांना मी बघते, एकाच्या हातात नाही गेली तर शब्द खोटा पडेल असं तूच म्हणाली होतीस ना, तू त्या बावीसात नाहीस का? तिनं लॅपटॉप ओढला आणि फाइल उघडली.

पट्टी होती. पन्नास बाय पंचवीस, तीन जाड, कोपऱ्यात भोक, कडेपासून बरोबर तीन मिलिमीटर आत. बाकी काही नाही. दुसऱ्या शनिवारी ती घरी होती, भेटायला येणाऱ्या पाहुण्यांना पाणी देत. माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. एकवीस पोरांना मी अक्षरं शिकवली होती, हिला शिकवायला कोणी नव्हतं.

मी म्हटलं, थांब, अक्षरं टाकू, मला येतात आता, दहा मिनिटांत होतील. पप्पांचं नाव टाकायचं का? आलेख कागद घेतला, पेन्सिल घेतली. शिरोरेघ ओढलीसुद्धा. तिनं माझ्या हाताखालून कागद हळूच काढून घेतला.

"नको मॅडम. मले त्याइनं एवढंच शिकवलं."

मी पेन्सिल ठेवली. मामांना अजून थोडं थांबा म्हणून सांगून आले. नुसत्या पट्टीला अठरा मिनिटं दाखवत होतं. तिनं बटण दाबलं आणि पहिला थर बसेपर्यंत आम्ही दोघी हललो नाही.